काकडी, दुधी व दोडका यांचे हस्तपरागण

बेंगळुरूसारख्या शहरात सज्जात कुंडी ठेवून काकडी, दुधी भोपळा किंवा दोडका लावणाऱ्या मनुष्यास बहुधा एका ठरावीक अडचणीस तोंड द्यावे लागते. वेल जोमाने चढतो, फुले येतात, फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे फळही दिसू लागते. आणि मग चार-पाच दिवसांत ते टोकाकडून पिवळे पडते, सुकते व गळून जाते. खत घालावे, पाणी वाढवावे, तरी तोच प्रकार. याचे कारण समजण्यासाठी प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, जे गळाले त्यास अजून फळ म्हणणे बरोबर नाही. तो मादी फुलाचा अंडाशय होय. या कुलातील वेलींत अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो आणि फूल उमलण्यापूर्वीच त्यास चिमुकल्या काकडीचा किंवा दुधीचा आकार आलेला असतो. म्हणून फळ धरले असा आपला समज होतो. प्रत्यक्षात फळ धरण्याची क्रिया अद्याप व्हावयाची असते.

या तिन्ही वेलींत नर व मादी फुले निरनिराळी, परंतु एकाच वेलावर येतात. नर फुलाचा देठ बारीक व सरळ असतो, त्याच्या मागे फुगवटा नसतो. दोडक्याची नर फुले घोसाने येतात व त्यांतील एकेक क्रमाने उमलते. मादी फूल बहुधा एकटे असते. नर फुलातील पराग जड व चिकट असल्यामुळे तो वाऱ्याने उडत नाही. कीटकाच्या अंगास लागूनच तो मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर पोहोचला पाहिजे. तेथे परागकण रुजतात, त्यांच्या नलिका खाली उतरून बीजांडांना भिडतात, आणि वाढू लागलेल्या बियांपासून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे अंडाशय फुगू लागतो. हे न घडल्यास वेल त्या अंडाशयाचे पोषण थांबवितो. जर्मन वैद्य कामेरारियुस याने एरंडाची नर फुले उमलण्यापूर्वीच खुडून पाहिली व बी धरत नाही असे आपल्या १६९४ सालच्या पत्रात नमूद केले. काचा लावून बंद केलेल्या सज्जात कीटक येत नाहीत, तेव्हा तेथे हाच प्रयोग नकळत घडत असतो.

कीटकाचे काम माणसास सहज करता येते. परंतु ते वेळेवर झाले पाहिजे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. काकडीचे फूल सकाळी उमलते व दुपारनंतर मिटू लागते. तिला सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास उत्तम. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी पराग सुटण्यास थोडा उशीर लागतो, एवढेच. दुधीचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उमलते. ते निशाचर पतंगांसाठी असते व दुसऱ्या दिवशी कोमेजते. दोडक्याचे पिवळे फूलही संध्याकाळचेच. त्याचे भावंड जे घोसाळे, ते मात्र पहाटे उमलते. म्हणून घोसाळ्याच्या अनुभवावरून दोडक्याची वेळ ठरवू नये. सकाळी नऊ वाजता कुंचला घेऊन तिन्ही वेलींवर फिरणारा मनुष्य काकडीचे काम करतो, आणि दुधी-दोडक्याच्या बाबतीत शिळ्या फुलांना स्पर्श करून परततो.

कृती सोपी आहे. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्या किंवा काढून टाकाव्या. मधल्या परागकोशांवर बोट हलकेच फिरविले असता पिवळी भुकटी बोटास लागली, तर पराग सुटला आहे असे समजावे. मग ते फूलच कुंचल्याप्रमाणे धरून मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद टेकवीत फिरवावे. कुक्षीचे तीन भाग असतात. तिन्हींना पराग लागला पाहिजे. एकाच बाजूस लागला तर बिया कमी धरतात आणि काकडी वाकडी किंवा टोकाशी निमुळती होते. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांस पुरते. पराग त्याच वेलाचा असला तरी चालतो, पण दुधीचा पराग दोडक्यास उपयोगी पडत नाही. अंडाशयास मात्र बोट लावू नये. त्याची कोवळी साल सहज दुखावते.

बेंगळुरूत मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस पुष्कळदा संध्याकाळीच येतो, म्हणजे नेमका दुधी व दोडका उमलण्याच्या वेळी. भिजलेले परागकण फुटतात व निरुपयोगी होतात. ज्या नर कळीची टोके फुगून पाकळ्यांचा रंग दिसू लागला आहे ती त्या संध्याकाळी उमलणार असे ओळखावे, दुपारीच लांब देठासह कापून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवावी. ती तेथे उमलते व पराग कोरडा राहतो. मादी कळीवर कागदाची टोपी घालावी आणि पाऊस थांबल्यावर परागण करून टोपी रात्रभर पुन्हा तशीच ठेवावी.

आता फळ परागणाअभावी गळते की अन्य कारणाने, हे कसे ठरवावे? समजा, मल्लेश्वरम्‌मधील एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर दुधीचा वेल आहे आणि पंधरवड्यात त्यावर आठ मादी फुले उमलली. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या फुलास हाताने पराग लावून देठास सैल लाल दोरा बांधावा. बाकीची चार तशीच सोडावी. एक आड एक फुले घेण्याचे कारण असे की, वेलावर आधी धरलेली फळे मागून येणाऱ्यांचे अन्न ओढून घेतात. पहिल्या चारांनाच दोरा बांधला तर तुलना खोटी ठरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहावे. फळ धरले असल्यास देठ जाड होऊन खाली झुकतो व अंडाशय हिरवा राहून दिसण्याइतका वाढतो. दोऱ्याची तीन राहिली आणि बिनदोऱ्याची चारही गळाली, तर उणीव परागणाचीच होती असे बहुतांशी म्हणता येईल. दोन्ही प्रकारची टिकली, तर पतंग येत आहेत. संध्याकाळी ताटकळण्याची गरज नाही. परंतु दोऱ्याचीही गळाली, तर कारण दुसरीकडे शोधावे: कुंडी लहान असून दुपारी माती कोरडी पडते काय, सज्जात ऊन पुरेसे येते काय, नत्रयुक्त खत अधिक होऊन नुसती पानेच माजली आहेत काय.

गळालेले फळ उभे चिरून पाहण्याची सवयही लावून घ्यावी. सालीवर बारीक छिद्र, त्यातून आलेला डिंकासारखा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या आढळल्या तर ते फळमाशीचे काम होय. तेथे परागणाने काही साधणार नाही. अशी फळे कुंडीत न टाकता पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाकावी. धरलेल्या फळास चौथ्या दिवसापासून कागदाची पिशवी घातल्यास माशीला अंडी घालता येत नाहीत.

काकडीच्या बाबतीत बियाण्याचे पाकीट आधी वाचून घ्यावे. बंद हरितगृहासाठी तयार केलेल्या काही जातींत परागणावाचूनच बिनबियांचे फळ धरते; दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सीडलेस’ ही अशा जातींपैकी आहे. अशा वेलावर नर फूल न दिसल्यास चिंता करू नये, आणि शेजारच्या काकडीचा पराग आणून लावूही नये. तसे केल्यास फळात बिया भरतात व त्याचे टोक बेढब फुगते. उलट साध्या जातींत पहिल्या एक-दोन आठवड्यांत केवळ नर फुलेच येऊन गळतात. त्या गळतीचा फळाशी संबंध नसतो. तेव्हा फळगळीची नोंद पहिल्या मादी फुलापासून सुरू करावी.