खोकी आधी, खवा शेवटी

गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणून ‘गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात किती माल गेला?’ हा प्रश्न मिठाईवाल्याच्या फारसा कामाचा नाही. त्याची वही तिथीवार हवी: हरितालिका, चतुर्थी, गौरी आवाहन, गौरीपूजन, अनंत चतुर्दशी. गौरी नक्षत्रावर येतात, त्यामुळे चतुर्थीपासूनचे त्यांचे अंतरही बदलते. २०२४ मध्ये त्या चौथ्या दिवशी आल्या, २०२५ मध्ये पाचव्या. मोदक संपवून गौरीच्या फराळाचे लाडू-करंज्या करायला कारागिरांना किती वेळ मिळणार, हे या अंतरावर ठरते.

तिथीच्या शेजारी वारही लिहून ठेवावा. महिनाअखेरीस सण आला तर गिऱ्हाइकाचा हात आखडता असतो, आणि किलोच्या खोक्यांऐवजी पाव किलोची खोकी जास्त लागू शकतात.

माल भरताना पहिला प्रश्न असा: उरला तर काय होईल? खोकी, साखर, काजू, बेसन यांचे काही बिघडत नाही. ते दिवाळीलाही चालते. म्हणून हा माल गर्दीच्या आधीच, सावकाश भाव पाहून घेता येतो. मात्र खोक्यावर गणपतीचे चित्र किंवा साल छापले की ते दिवाळीच्या कामातून बाद होते. खव्याचे उलट आहे. तो शेवटच्या दोन दिवसांतच घ्यावा लागतो आणि त्याचे मोदक साधारण चार दिवसांचे सोबती. सुटी मिठाई कधीपर्यंत खावी, ती तारीख दुकानात लावणे १ ऑक्टोबर २०२०पासून बंधनकारक करण्यात आले होते; तारीख लावली की शिळा माल पुढे ढकलायची वाटही बंद होते.

मग मोदक किती करायचे? समजा, किलोमागे सगळा खर्च ४०० रुपये आणि विक्री ६४० रुपयांना. एक किलो कमी पडला तर २४० रुपयांचा नफा हुकतो. एक किलो उरला तर ४०० रुपये बुडतात. गेल्या पाच चतुर्थींना मागणी ७०, ८०, ९०, १०० आणि ११० किलो होती असे धरू. सरासरी ९० येते, पण हिशेब ८० किलोकडे झुकतो. या पाचही मागण्या पुन्हा तितक्याच शक्य मानल्या, तर ८० किलो केल्यावर सरासरी नफा १७,९२० रुपये पडतो, ९० किलोला १७,७६० आणि १०० किलोला थेट १६,३२०.

याहून चांगला मार्ग म्हणजे सगळे मोदक एकदम न वळणे. पहाटे ६० किलो तयार ठेवायचे, बाकीचा खवा थंड पेटीत. अकराच्या सुमारास ४० किलोच्या वर माल गेला असेल तर दुसरा घाणा घ्यायचा; नाही तर त्याच खव्याचे गुलाबजाम दुसऱ्या दिवशी होतात. गर्दीच्या दिवसांत खवा घेताना त्यातला चिमूटभर पाण्यात उकळून, गार करून आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिठूळ भेसळ आहे.

आता पैशाकडे वळू. या दुकानाकडे श्रावणात दोन लाख रुपये आहेत आणि रोजच्या विक्रीतून रोजचा खर्च भागतो, असे समजू. काजू, तूप, साखरेला ९० हजार, खोक्यांना ४० हजार, कारागिरांच्या उचलीला ३० हजार गेले की हातात ४० हजार उरतात. हरितालिकेच्या आदल्या दिवशी खवा आणि दुधाचे ७५ हजार रोख द्यायचे असतात. चतुर्थीला तीन लाखांचा गल्ला जमणार हे खरे, पण आदल्या दिवशी ३५ हजार कमीच पडतात. धंद्यात नफा असूनही दुकान इथे अडते, आणि मग घाईत चढ्या व्याजाने हातउसने घेतले जातात.

ही तूट वहीत महिनाभर आधी दिसते, तेव्हाच ती भरता येते. मंडळाची ८० हजारांची प्रसादाची ऑर्डर असेल तर निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची. तेवढ्यानेच खड्डा बुजतो. खोकीवाल्याशी निम्मे पैसे चतुर्थीनंतर द्यायचे ठरवले तर आणखी २० हजार मोकळे होतात. मंडळाची उरलेली बाकी विसर्जनाआधी वसूल केलेली बरी, कारण नंतर वर्गणी खर्चून झालेली असते.

चतुर्थीच्या रात्रीचा गल्ला मात्र सगळा दुकानाचा नसतो. गणपती गेले की लगेच पितृपक्ष लागतो आणि मिठाईची विक्री पंधरवडाभर मंदावते. त्या काळाचे भाडे, पगार आणि वीजबिल आधी बाजूला काढायचे, मग खोकीवाल्याची उधारी फेडायची. यातून जे उरेल, तेवढ्यातच दसऱ्याच्या श्रीखंडाचा चक्का आणि दिवाळीचे काजू बसवायचे असतात.