गल्ल्यातून घरखर्च काढला, तर नोंद कुठे करायची?

दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल, तर गल्ल्यातले पैसेही तुमचेच. तरीही हिशेबात दुकान वेगळं आणि मालक वेगळा धरतात. इथेच अनेकांची चूक होते, आणि ती सहज सापडत नाही.

समजा, एका किराणा दुकानाचं वर्षाच्या सुरुवातीचं भांडवल ३,००,००० रुपये आहे. मालक दर महिन्याला घरासाठी १०,००० रुपये काढतो. ही झाली उचल. नोंद अशी:

उचल खाते नावे १०,०००
रोख खाते जमा १०,०००

दुकानाच्या बँक खात्यातून स्वतःच्या आयुर्विम्याचा १८,००० रुपयांचा हप्ता भरला, तर तोही दुकानाचा खर्च नाही. उचल नावे, बँक जमा. वर्षभरात १२,००० रुपयांचा तांदूळ, तेल घरी नेलं, तर उचल नावे, पण जमा खरेदी खाते. विक्री खाते नाही. कारण माल विकलेला नाही, म्हणून किंमतही खरेदीचीच धरायची. (जीएसटी भरणाऱ्यांनी या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करायचं असतं.)

मध्येच मालकाने स्वतःची मुदतठेव मोडून ६०,००० रुपये दुकानाच्या खात्यात भरले. हे जादा भांडवल:

बँक खाते नावे ६०,०००
भांडवल खाते जमा ६०,०००

ठेव मोडल्याची पावती जपून ठेवा, पैसा कुठून आला हे पुढे विचारलं जाऊ शकतं. पैसे भावाकडून परतीच्या बोलीवर आणले असतील, तर मात्र ते कर्ज, भांडवल नव्हे.

वर्षअखेर एकूण उचल १,५०,००० झाली. ती भांडवल खात्याला नावे टाकून उचल खातं बंद करायचं. खरा नफा १,८०,००० असेल, तर अखेरचं भांडवल: ३,००,००० + ६०,००० + १,८०,००० − १,५०,००० = ३,९०,०००.

आता गंमत बघा. सगळी उचल दुकानाच्या खर्चात टाकली, तर नफा ३०,००० दिसतो. पण भांडवल? ३,००,००० + ६०,००० + ३०,००० = ३,९०,०००. तेच! म्हणजे ताळेबंद जुळतो, चूक दिसत नाही. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर मात्र वर्षाला ३०,००० कमावणारं दुकान समोर येतं, आणि प्राप्तिकरात घरखर्चाची वजावट घेतल्यासारखं होतं. उलट ६०,००० चुकून विक्रीत धरले, तर न झालेला नफा दिसतो आणि त्यावर कर लागू शकतो.

शंका आली तर दोन जागा तपासा. ‘किरकोळ खर्च’ खात्यात दर महिन्याला तीच गोल रक्कम दिसते का? आणि विक्रीच्या मानाने ढोबळ नफा मागच्या वर्षीपेक्षा घसरलाय का? दर बदलले नसतील, तर बहुधा घरी नेलेला माल लिहायचा राहिलाय.