गुणांच्या यादीत MODE का अडतो?

मुरुडच्या एका शिक्षकमित्राने सात मुलांचे गुण एक्सेलमध्ये भरले: ३४, ४१, ४७, ५२, ५८, ६३, ७१. बहुलक काढायला गेला तर #N/A आलं. सूत्र बरोबरच होतं. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या, आणि इथे एकही संख्या दोनदा आलेली नाही. मग एक्सेल उत्तर देणार कुठून?

असं लिहा:

```
=IFNA(MODE.SNGL(B2:B8),"बहुलक नाही")
```

त्या जागी 0 मात्र दाखवू नका; बहुतेकांना शून्य गुण मिळाले असं वाटेल.

गुण दोनदा दिसूनही #N/A किंवा "बहुलक नाही" आलं, तर आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेत का पाहा. तसे असतील तर ते बहुधा मजकूर म्हणून भरले गेलेत, आणि MODE मजकूर मोजत नाही. ते संख्येत बदलून घ्या.