कंपनीला दिवाळी भेटीचं पत्र : दर किती उतरवायचा, कुठे थांबायचं

आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांसोबत काम करतो. मुरबाडच्या एमआयडीसीत आणि आसनगावच्या बाजूला कारखाने आहेत. दिवाळीत कामगारांना काय द्यायचं, हे तिथे साधारण नवरात्राच्या आधी ठरू लागतं. म्हणून आपलं पत्र गणपतीच्या दिवसांतच पोहोचायला हवं. सोबत नमुन्याचा एक बॉक्सही हवा.

मालाबद्दल लिहिणं आपल्याला जमतं. अडतं ते दरापाशी. साहेब विचारतात, "पाचशे घेतले तर किती कमी कराल?" आपण तिथल्या तिथे दहा टक्के सांगून मोकळ्या होतो. ते दहा टक्के कुणाच्या मजुरीतून जाणार, हे आधी बघायला हवं. म्हणून आज दराचे टप्पे कसे काढायचे ते बघू.

एक मधला बॉक्स धरू. त्यात नाचणीचे लाडू पाव किलो, चकली पाव किलो आणि वारली चित्रांच्या चार पणत्या. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपल्या बाजारातले घाला. लाडवांचं सामान 70 रुपये, चकलीचं 55, पणत्या रंगासकट 40. झाले 165. बायकांची मजुरी 60, तुटफूट 10. एकूण 235. बॉक्स पन्नास असोत की पाचशे, हे 235 कमी होत नाहीत. पाचशे चकल्यांच्या पाकिटांना बाईचे हात तेवढेच चालतात.

कमी होतं ते दोनच ठिकाणी. एक, पुठ्ठ्याचा बॉक्स आणि छापील लेबल. पन्नासाला हा खर्च बॉक्समागे 55 पडतो, दोनशेला 42, पाचशेला 32. दुसरं, टेम्पो. एक फेरी 1,500 रुपये आणि एका फेरीत अडीचशे बॉक्स मावतात असं धरा. पन्नासाला बॉक्समागे 30 रुपये, दोनशेला साधारण 8, पाचशेला दोन फेऱ्या म्हणून 6.

आता बेरीज करा. एका बॉक्सचा खर्च पन्नासाला 320, दोनशेला 285, पाचशेला 273. त्यावर गटाचे साधारण पंधरा टक्के धरले की दर येतात 370, 330 आणि 315. मजुरीला हात न लावता दर उतरला. साहेबांनी 280 म्हटलं, तर दर कमी करू नका, बॉक्समधली वस्तू कमी करा. पणत्या काढल्या की खर्च 233 होतो आणि पाचशेच्या ऑर्डरला 280 परवडतात.

मोठ्या भेटीत आम्ही बांबूची टोपली आणि अर्धा किलो तांदूळ घालतो. टोपली हाताने विणलेली, ती पाचशे घेतल्या म्हणून स्वस्त होत नाही. टेम्पोतही कमी मावते. म्हणून मोठ्या भेटीचा दर फार उतरत नाही, आणि विचारलं तर कारण हेच सांगायचं.

टप्प्यांत एक खाच असते. कंपनीने 190 मधले बॉक्स 370 ने घेतले तर 70,300 रुपये होतात. 200 घेतले तर 330 ने 66,000 च. म्हणजे कमी मालाला जास्त पैसे. हे आपणच आधी सांगावं : "साहेब, 178 च्या वर लागणार असतील तर 200 च घ्या." उलटंही घडतं. पाचशेचा दर ठरवून घेतात आणि शेवटी दीडशेच उचलतात. त्यासाठी पत्रात "अंतिम संख्येनुसार दर" हे शब्द हवेतच.

आता पत्र असं :

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ (एचआर) विभाग,
(कंपनीचे नाव, पत्ता)

विषय : कर्मचाऱ्यांसाठी दिवाळी भेट बॉक्सचा प्रस्ताव

महोदय / महोदया,
आमच्या गटातील महिला फराळ, रंगीत पणत्या व बांबूच्या वस्तू स्वतः तयार करतात. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तीन पर्याय देत आहोत. नमुना सोबत आहे.

लहान (लाडू, 4 पणत्या) : 50 ते 199 नग 265 रु.; 200 ते 499 नग 230 रु.; 500 व अधिक 215 रु.
मधला (लाडू, चकली, 4 पणत्या) : 370 रु.; 330 रु.; 315 रु.
मोठा (मधल्यातील सर्व, तांदूळ, बांबूची टोपली) : 525 रु.; 505 रु.; 500 रु.

दर एका नगाचे असून आपल्या गेटपर्यंतची वाहतूक त्यात धरली आहे. दर अंतिम संख्येनुसार लागू होईल. ऑर्डर दिवाळीच्या 30 दिवस आधी लेखी द्यावी. त्यानंतर संख्या कमी करता येणार नाही. ऑर्डरसोबत 60 टक्के आगाऊ, उरलेली रक्कम माल मिळाल्यावर 7 दिवसांत द्यावी. माल धनत्रयोदशीच्या 5 दिवस आधी पोहोचेल. हे दर या दिवाळीपुरते आहेत.

(गटाचे नाव, अध्यक्ष व सचिवांच्या सह्या, फोन, बँक खाते, अन्न परवाना क्रमांक)

पत्र एवढंच, एका पानात. आगाऊ 60 टक्केच का? दोनशे मधल्या बॉक्सचं सामान 33,000 आणि बॉक्स-लेबल 8,400, म्हणजे 41,400 रुपये आपल्याला आधी घालावे लागतात. निम्मे आगाऊ घेतले तर 33,000 च हातात येतात आणि बाकीसाठी गटाच्या बचतीला हात लागतो. साठ टक्क्यांत 39,600 येतात, मग थोडंच कमी पडतं.

उरलेल्या पैशाचंही बघा, कारण बायकांना मजुरी दिवाळीच्या आत हवी असते. गटाची "उद्यम" नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी कंपनीला 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवता येत नाही. करारच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. करारात कंपनीने 45 दिवसांची मुदत घातली, तर तोवर दिवाळी होऊन गेलेली असते, म्हणून कमी मुदत आपणच लिहून घ्या.

कंपनी जीएसटीचं बिल मागेल. वस्तू विकणाऱ्या गटाची राज्यातल्या राज्यात वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल, तर नोंदणी सहसा लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. साधं बिल द्या आणि हे आधीच सांगा.

शेवटचं लेबलाचं. खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, शाकाहाराचा हिरवा ठिपका, गटाचा पत्ता, किंमत आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक हवा. "कधीपर्यंत" अंदाजाने लिहू नका. आतापासून चकलीची आणि लाडवांची चार-चार पाकिटं सील करून ठेवा आणि दर दहा दिवसांनी एकेक फोडा. चकली मऊ पडली किंवा लाडवाला खवट वास आला, की त्याच्या आधीचं फोडलेलं पाकीट जितके दिवस चांगलं होतं तितकेच दिवस लेबलावर लिहा.

पुढच्या बैठकीत वही घेऊन बसा आणि आपल्या एका बॉक्सचा खर्च दोन रकान्यांत मांडा : संख्या वाढली तरी न बदलणारा, आणि कमी होणारा. सूट फक्त दुसऱ्या रकान्यातून द्यायची.