मुंडावळ्यांची सावली

मंगल कार्यालयातली वधूची खोली फोटोग्राफरची परीक्षा पाहते. जागा लहान, भिंतीला गुलाबी नाहीतर पोपटी रंग, डोक्यावर ट्यूबलाइट आणि मुहूर्ताला अर्धा तास उरलेला. घाईत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी कड उमटते. मुंडावळ्यांच्या सरी गालांवर रेघा ओढतात, नथीचा प्रत्येक मोती ओठावर आपला ठिपका सोडतो. नऊवारी नेसून, खोपा घालून, तासभर खपून सजलेल्या मुलीचा फोटो अशा सावल्यांनी डागाळावा, हे खरोखर वाईट आहे. ते टाळायला महागडा कॅमेरा लागत नाही. एक साधा फ्लॅश, एक स्टँड, आरपार प्रकाश सोडणारी पांढरी छत्री आणि रेडिओ ट्रिगरची जोडी एवढ्यावर काम भागतं.

सावलीची कड कशाने ठरते, हे आधी पाहू. कडक उन्हात सावली रेखीव पडते आणि ढगाळ दिवशी ती जवळजवळ दिसेनाशी होते. ढगांमुळे प्रकाश एका ठिपक्याऐवजी अख्ख्या आकाशातून येतो, हे त्याचं कारण. फ्लॅशचंही तसंच आहे. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा उगम जितका मोठा दिसेल, तितकी सावलीची कड विरघळते.

नथीचा एक मोती घेऊन हिशेब करता येतो. मोती चार मिलिमीटरचा आहे आणि गालापासून एक सेंटिमीटर पुढे लोंबतो आहे, असं धरू. फ्लॅशची काच साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद असते. तो दोन मीटरवरून मारला, तर सावलीच्या कडेचा धूसर पट्टा अर्धा मिलिमीटरही भरत नाही, म्हणून ठिपका ठसठशीत उमटतो. आता तोच फ्लॅश एक मीटर व्यासाच्या छत्रीमागे ठेवून छत्री चेहऱ्यापासून एक मीटरवर आणली, तर धूसर पट्टा एक सेंटिमीटरचा होतो. तो मोत्यापेक्षा रुंद आहे. मोती आता छत्रीचा जेमतेम सहावा भाग झाकतो, उरलेल्या भागातून प्रकाश पोचतच राहतो आणि गालावर काळा ठिपका तयारच होत नाही. मात्र हीच छत्री तीन मीटर मागे नेली, की पट्टा तीन-साडेतीन मिलिमीटरवर येतो आणि मोत्याची सावली परत दिसू लागते. छत्री लावूनही फोटो कडक आला, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा छत्री दूर ठेवलेली असते.

फ्लॅशवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या टोपीबद्दलचा गैरसमजही इथेच दूर होतो. त्या टोपीमुळे उगमाचा आकार फारसा वाढत नाही. खोलीत ती थोडी मदत करते, कारण प्रकाश पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटून परत येतो. उघड्या मैदानात ती फक्त बॅटरी खाते.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटला म्हणजे त्याला इशारा पोचवावा लागतो. ते काम ट्रिगर करतो. प्रक्षेपक कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूमध्ये बसतो आणि ग्राहक फ्लॅशच्या पायाशी. हल्लीच्या कित्येक फ्लॅशमध्ये ग्राहक आतच असतो. दोन्हींवर एकच चॅनेल हवं. प्रकाश पाहून पेटणारे जुने स्लेव्ह फ्लॅश लग्नात निरुपयोगी ठरतात, कारण पाहुण्यांपैकी कोणीही फ्लॅश मारला तरी ते पेटतात. रेडिओ ट्रिगरला ती अडचण नाही, पण शेजारच्या हॉलमधल्या फोटोग्राफरकडे त्याच कंपनीचा ट्रिगर त्याच चॅनेलवर असू शकतो. आपण बटण न दाबता फ्लॅश लखलखला, तर समजावं आणि चॅनेल बदलावं.

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर दोष शटरच्या वेगाचा. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढे शटरचा पडदा एका क्षणी पूर्ण उघडा नसतो, त्यामुळे फ्लॅश लखलखतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला राहतो. स्वस्त ट्रिगर किंचित उशीर करतात, म्हणून १/१६० वर राहणं सुरक्षित.

तर वधूच्या खोलीत मांडणी अशी करावी. तिला भिंतीपासून निदान दीड मीटर पुढे बसवावं, म्हणजे तिची सावली भिंतीवर न पडता खाली आणि बाजूला निघून जाते. शटर १/१६०, छिद्र एफ ५.६, आयएसओ २०० ठेवून फ्लॅश बंद असताना एक फोटो काढावा. तो जवळपास काळा आला पाहिजे. म्हणजे ट्यूबलाइटची हिरवट झाक त्वचेवर येणार नाही. मग फ्लॅश हाताने १/१६ शक्तीवर लावून सुरुवात करावी आणि पडद्यावर पाहून कमीजास्त करावं. छत्री दुप्पट लांब नेली तर प्रकाश चौपट घटतो, हे लक्षात असलं की अंदाज लवकर बसतो.

छत्री वधूच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला, मध्य कपाळाच्या थोडा वर आणि तोंड किंचित खाली झुकलेलं. ती फार वर चढली की डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात आणि नाकाची सावली ओठाला टेकते. बुबुळांतला प्रकाशाचा ठिपका नाहीसा झाला, तर स्टँड खाली घ्यावा. बाजू कोणती? मराठी वधूची नथ डाव्या नाकपुडीत असते. प्रकाश त्याच बाजूने आला तर मोती चमकतात, म्हणून तीच बाजू आधी करून पाहावी. मुंडावळ्यांच्या सरी गालाला जितक्या लगटून असतील तितकी त्यांची सावली बारीक पण स्पष्ट राहते, हेही खरं. तिथे छत्रीचा इलाज अपुरा पडतो; चेहरा प्रकाशाकडे थोडा वळवायला सांगितलं, की रेघा सरींच्या मागे दडतात.

एक चूक मात्र दिसत नाही आणि फार नडते. फ्लॅशचं झूम १०५ वर राहिलं, तर प्रकाश छत्रीच्या मधल्या भागावरच पडतो. छत्री मोठी, पण उजळलेला भाग लहान, आणि सावलीला उजळलेल्या भागाशीच देणंघेणं असतं. झूम २४ किंवा ३५ वर आणावं आणि एक चाचणी फोटो छत्रीचाच काढून ती कडेपर्यंत उजळते का पाहावं.

सावलीची कड मऊ होणं वेगळं आणि सावली फिकी होणं वेगळं. छत्रीमुळे कड मऊ होते, तरी चेहऱ्याची दूरची बाजू काळोखी राहू शकते. तिच्यासाठी दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी पाटी किंवा पांढरी चादर धरली, की परतलेला प्रकाश तो भाग उचलून धरतो. पाटी अगदी जवळ आणली तर चेहरा सपाट दिसतो, तेव्हा ती हळूहळू मागे सरकवत नाकाच्या बाजूला थोडी गडद छटा शिल्लक ठेवावी. रंगीत भिंत हीच पाटी बनली तर गाल पोपटी होतो. त्या बाजूला चादर टांगणं हा सोपा उपाय.

पैठणीसकट पायापर्यंतचा फोटो हवा असेल, तर ही मांडणी पुरत नाही. एक मीटरवरची छत्री चौकटीत शिरते आणि डोक्यावर भरपूर, पायांवर तोकडा प्रकाश पडतो. अशा वेळी छत्री काढून फ्लॅश बाजूच्या मोठ्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा आणि मागे सरकवून दोन मीटरभर भिंत उजळू द्यावी. मग ती भिंतच प्रकाशाचा उगम होते. या खेपेला शक्ती १/४ किंवा त्याहून जास्त लागते, प्रत्येक फोटोनंतर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो, आणि पांढरी भिंत खोलीत नसेल तर वधूला व्हरांड्यात आणावं लागतं.