बागेतल्या काकांचा फोटो आणि मैत्रिणीला चार ओळी

मैत्रिणीचे वडील गेले की घरी जाऊन तिच्याजवळ बसायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आता निम्म्या मैत्रिणी दुसऱ्या शहरांत नाहीतर परदेशात, त्यामुळे सांत्वन बरेचदा फोनवरच्या संदेशातूनच करावं लागतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात तिच्याकडे दिवसभर येत राहतात. पाठवणाऱ्यांना वाईट वाटलेलं असतंच, पण ते शब्द कुणाच्याही वडिलांसाठी चालतात. तुमच्या फोनमध्ये मात्र त्या काकांचा बागेतला एखादा फोटो असेल, तर तिच्याकडे नसलेलं काहीतरी तुमच्याकडे आहे. संदेश त्यावरच उभा करावा.

माझ्या शाळेपासूनच्या एका मैत्रिणीचे वडील पावसाळ्यात गेले. सांगलीचं घर, मागे छोटीशी परसबाग. जानेवारीत तिळगूळ द्यायला गेले होते तेव्हा मी त्यांचा फोटो काढला होता. अंगात बंडी, चष्मा कपाळावर सरकवलेला, डाव्या हातात मोगऱ्याची फांदी आणि उजव्या हातात छाटणीची कात्री. मागच्या भिंतीशी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपं, आणि प्रत्येक डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने रोप लावल्याची तारीख.

असा फोटो समोर ठेवून लिहायला बसलं की पहिल्यांदा सुचतात ती बागेची रूपकं. माळी गेला, सुगंध उरला, वटवृक्ष कोसळला, एक फूल देवाघरी गेलं. ती सगळी बाजूला ठेवावीत. ज्या माणसाने खरोखर माती उपसली, कीड वेचली, झारीने पाणी घातलं, त्याची बाग उपमेत गेली की तिच्यातला मोगराही जातो आणि कात्रीही जाते. मग उरतं ते पुन्हा कुणालाही चालेल असं वाक्य. त्याऐवजी फोटोकडे नीट बघत बसावं. हात काय करतायत? ऋतू कुठला आहे? कडेला काय आलंय? आपण तिथे उभे होतो तेव्हा ते काय बोलले? मी शेवटी हे लिहिलं:

‘काकांचा हा फोटो माझ्याकडे होता, तो तुझ्याकडे असावा म्हणून पाठवते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले होते तेव्हाचा आहे. ते मोगरा छाटत होते. एवढी हिरवी पानं का काढताय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आत्ता हात आखडला तर उन्हाळ्यात फुलं यायची नाहीत. मागच्या डब्यांवर त्यांनी घातलेल्या तारखा दिसतायत बघ. कोपऱ्यातल्या अनंताची फांदी पावसाळ्यात तुझ्या गॅलरीसाठी रुजवायची आहे, असं म्हणाले होते. ते राहिलं की झालं, मला माहीत नाही. त्यांनी जाताना मला बागेतला कढीपत्ता तोडून दिला होता. मला त्यांची फार आठवण येतेय. उत्तर लिहायची गरज नाही, मी रविवारी फोन करेन.’

यातला मोगऱ्याचा भाग नुसता गोडव्यासाठी नाही. मोगऱ्याची थंडीत छाटणी करतात, पाणी तोडतात, आणि मग नव्या फुटीवर उन्हाळ्यात कळ्या धरतात. काका हे जाणून करत होते, आणि त्यांची ती जाण संदेशात आली. ‘काकांना बागेची फार आवड होती’ एवढंच लिहिलं असतं तर मुलीला नवं काहीच मिळालं नसतं, तिला ते लहानपणापासून ठाऊक आहे. अनंताच्या फांदीचं मात्र कदाचित तिला कुणी सांगितलं नसेल. मुलांना वडील माहीत असतात ते वडील म्हणून. घरी आलेल्या माणसाशी ते काय बोलतात, पाठीमागे आपल्याबद्दल काय म्हणतात, हे त्यांच्या कानावर क्वचितच येतं. बाहेरच्या माणसाने द्यायचं ते हेच.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांची आई 1977 साली गेली. त्यानंतर जुने फोटो चाळताना त्यांना तिचा 1898 मधला एक फोटो सापडला. पाच वर्षांची मुलगी, काचेच्या छताच्या बागेत भावाशेजारी उभी, एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरलेलं. इतक्या फोटोंमधून बार्थ यांना आपली आई खरी भेटली ती या एका फोटोत. 1980 साली आलेल्या छायाचित्रांवरच्या पुस्तकात त्यांनी त्याबद्दल पानंच्या पानं लिहिली, पण फोटो मात्र छापला नाही. इतरांना तो एक साधासा जुना फोटोच वाटला असता, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटतं, आणि म्हणूनच असा फोटो फक्त मैत्रिणीला पाठवावा. शाळेच्या ग्रुपवर नको, स्टेटसला नको. तिथे टाकायचा की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

जे पाहिलं नाही ते लिहू नये. ‘ते किती समाधानी दिसतायत’ हे वाक्य सहज लिहिलं जातं, पण त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत असतील आणि मुलीला ते माहीत असेल. ‘ते तिथूनही बाग बघत असतील’ हेही आपल्याला माहीत नसतं. बोलणं नेमकं आठवत नसेल तर आशय लिहावा, त्यांच्या तोंडी नवं वाक्य घालू नये. ‘वय झालं होतं’, ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण म्हणू नये. आणि बापलेकीचं फारसं पटत नव्हतं हे ठाऊक असेल, तर ‘तुझ्यावर त्यांचा फार जीव होता’ असली ग्वाही देऊ नये. पाहिलेली गोष्ट तेवढी सांगून थांबावं.

वेळेचंही भान हवं. बातमी कळली त्या दिवशी दोन ओळी पुरतात: कळलं, तुझ्याजवळ आहे. घरात तेव्हा माणसांची ये-जा असते, गुरुजी, कागदपत्रं, पाहुण्यांचं जेवणखाण चालू असतं. फोटो बघायला सवड आणि जीव दोन्ही नसतात. तेरावा झाला, पाहुणे पांगले, फोन वाजायचे थांबले की घर खरं रिकामं होतं. फोटोचा संदेश तेव्हा पाठवावा. एक अपवाद आहे. दिवसांसाठी फ्रेम करायला घरचे चांगला फोटो शोधत असतील, तर तो लगेच द्यावा, लांबलचक मजकूर मात्र नंतर.

पाठवताना एक तांत्रिक गोष्ट सांभाळावी. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि मोठा छापला की फुटतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, काढल्याची तारीखही तिच्यात राहते. फोटोला हार, समई किंवा निळ्या आकाशाची चौकट जोडू नये. छान दिसावा म्हणून कडा कापूही नयेत. माझ्या फोटोत कडा कापल्या असत्या तर पहिल्यांदा गेले असते ते तारखांचे डबे.

‘काही लागलं तर सांग’ या वाक्याने बहुतेक संदेश संपतात, आणि त्यावर कुणीच काही मागत नाही. बागेचा फोटो असेल तर याहून नेमकं काही देता येतं. बाग मागे राहिलेली असते, तिला पाणी लागतं, आणि घरात एकट्या राहिलेल्या काकूंना ते सगळं झेपेलच असं नाही. मी डिसेंबरअखेरीस मैत्रिणीला दुसरा संदेश पाठवला: ‘मोगऱ्याच्या छाटणीचे दिवस आले. काकूंना चालणार असेल तर संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी कात्री घेऊन जाते.’ तिने काकूंना विचारलं आणि कळवलं, कात्री नेऊ नकोस, बाबांची आहे.