गेममधली चित्रं फोनच्या मेमरीत मावतात कशी?

विटांच्या भिंतीचं एक चित्र घ्या, २०४८ पिक्सेल रुंद आणि तेवढंच उंच. जेपीजी म्हणून फोनमध्ये ठेवलं तर ते एखाद-दोन एमबीत बसतं. तेच चित्र गेममधल्या भिंतीवर चढवलं, की मेमरीत १६ एमबी अडवतं. हिशेब सरळ आहे. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांसाठी एकेक असे चार बाइट लागतात, आणि असे पिक्सेल जवळपास ४२ लाख आहेत.

मग जेपीजीच का वापरत नाहीत? कारण जेपीजीमध्ये साध्या भागाला कमी आणि किचकट भागाला जास्त जागा मिळते. त्यामुळे मधलाच एखादा पिक्सेल हवा असेल, तर तो फाइलमध्ये नेमका कुठे आहे हे आधीचा भाग उलगडल्याशिवाय कळत नाही. गेममध्ये मात्र ग्राफिक्स चिप भिंतीचा कोणता तुकडा कधी मागेल याचा नेम नसतो. खेळाडूने मान वळवली की दुसराच कोपरा लागतो. म्हणून जेपीजी किंवा पीएनजी वापरण्याआधी पूर्ण उलगडावं लागतं, आणि ते आपल्या मूळ आकाराला येतं. स्टोअरवर गेमचा आकार छोटा दिसला, म्हणजे तो मेमरीतही छोटाच राहील असं अजिबात नाही.

यावरचा उपाय म्हणजे चिपला थेट वाचता येईल अशा पद्धतीने चित्र दाबून ठेवणं. आजच्या मोबाइलवर त्यासाठी प्रामुख्याने एएसटीसी हा फॉरमॅट वापरतात. चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने एएमडीच्या साथीने तो तयार केला आणि ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या क्रोनोस गटाने २०१२ मध्ये तो स्वीकारला. आयफोनमध्ये तो २०१४ च्या आयफोन ६ पासून चालतो.

त्याची युक्ती अशी. चित्राचे छोटे चौकोनी ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकला बरोबर १६ बाइट द्यायचे, कमी नाहीत की जास्त नाहीत. सगळे ब्लॉक सारख्याच वजनाचे असल्यामुळे हजारावा ब्लॉक कुठे सुरू होतो हे चिप गुणाकार करून लगेच काढते. ब्लॉकच्या आत सगळे रंग लिहिलेले नसतात. दोन टोकांचे रंग लिहिलेले असतात, आणि प्रत्येक पिक्सेल त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतो एवढंच नोंदवलेलं असतं. विटेच्या तुकड्यात गडद तांबडा आणि फिका तांबडा ही दोन टोकं पुरतात. वीट आणि सिमेंटची रेघ एकाच ब्लॉकमध्ये आली, तर ब्लॉकचे गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र टोकं देता येतात. असे गट जास्तीत जास्त चार.

या १६ बाइटांत किती पिक्सेल कोंबायचे, हे ठरवणं गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. ४×४ चा ब्लॉक निवडला तर आपली भिंत ४ एमबीत बसते, ६×६ मध्ये सुमारे १.८ एमबीत आणि ८×८ मध्ये अवघ्या १ एमबीत. ब्लॉक मोठा होत जातो तशा त्याच १६ बाइटांत जास्त पिक्सेलांच्या नोंदी बसवाव्या लागतात आणि चित्र गढूळ होत जातं.

आता हे एका लेव्हलवर लावून पाहू. समजा गेममध्ये एक बाजारपेठ आहे आणि तिला अशी ४० चित्रं लागतात. दूरच्या वस्तूंसाठी प्रत्येक चित्राच्या लहान-लहान प्रती सोबत ठेवाव्या लागतात, त्यांना मिपमॅप म्हणतात. त्या एकतृतीयांश जागा आणखी खातात. काहीच न दाबता हा सगळा पसारा ८५० एमबीच्या वर जातो. ३ जीबीच्या फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, बाकीची ॲप आणि गेमचा आवाज, कोड, मॉडेल्स धरता या लेव्हलच्या चित्रांसाठी १५० एमबी ठरवले, असं मानू. सगळं ४×४ मध्ये ठेवलं तर सुमारे २१३ एमबी होतात, म्हणजे बजेट मोडलं. सगळं ६×६ मध्ये ठेवलं तर ९५ एमबीत भागतं, पण नायकाचा चेहरा ठिगळ लावल्यासारखा दिसू लागतो.

म्हणून सगळ्यांना एकच माप लावायचं नाही. नायक आणि जवळून दिसणाऱ्या आठ गोष्टी ४×४ मध्ये ठेवल्या, तर त्यांचे ४३ एमबी होतात. दुकानं, भिंती, रस्ता अशी वीस चित्रं ६×६ मध्ये ४८ एमबीत बसतात. डोंगर, दूरचे वाडे, धूळमाती अशी बारा चित्रं ८×८ मध्ये १६ एमबीत येतात. एकूण झाले १०७ एमबी. बटणं आणि अक्षरांची दोन पानं ४×४ मध्ये, मिपमॅपशिवाय, ठेवली तर आणखी ८. उरलेले ३५ एमबी संपवायचे नाहीत. पुढची लेव्हल मागची पूर्ण मोकळी व्हायच्या आत येऊ लागते, तेव्हा तीच जागा कामी येते.

कोणतं चित्र कुठे बिघडतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. आर्मच्या मोफत साधनात चित्र दाबून लगेच परत उलगडता येतं आणि मूळ चित्राशेजारी ठेवून तपासता येतं:

```
astcenc -ts bhint.png bhint_6x6.png 6x6 -medium
```

(संगणकाच्या प्रोसेसरनुसार साधनाच्या नावाला शेपूट लागतं, उदाहरणार्थ `astcenc-avx2`.)

सगळ्यात आधी बिघडतात ते नॉर्मल मॅप. त्यांत रंग नसतो, पृष्ठभागाचा उतार लिहिलेला असतो. ते फार दाबले तर चिलखतावर फिरणारा उजेड चौकोनी पायऱ्यांत तुटतो. अक्षरांच्या कडा, आकाशाचा हळूहळू बदलणारा निळा रंग हेही असेच नाजूक. जागा कमी पडली की चित्राचा आकार निम्मा करायचा मोह होतो, पण १०२४ चं चित्र ४×४ मध्ये आणि २०४८ चं चित्र ८×८ मध्ये यांना जागा सारखीच लागते, १ एमबी. निर्णय घेण्याआधी दोन्ही पाहा. पुष्कळदा मोठं आणि जास्त दाबलेलं चित्र सरस ठरतं.

खरा दगा मात्र जुन्या फोनवर होतो. चिपला एएसटीसी वाचता येत नसेल, तर काही गेम इंजिनं चित्र उघडताना ते गुपचूप पूर्ण उलगडतात. खेळ दिसायला नीट चालतो, पण आपले ११५ एमबी आठशेच्या पलीकडे जातात. मग गेम मध्येच नाहीसा होतो आणि होमस्क्रीन समोर येते. बऱ्याचदा चुकीचा संदेशही येत नाही, कारण गेममध्ये दोष नसतो. मेमरी संपत आली म्हणून सिस्टिमने त्याला बंद केलेलं असतं. संशय आला तर फोन संगणकाला जोडून `adb shell dumpsys meminfo` पुढे गेमच्या पॅकेजचं नाव लिहा आणि `Graphics` ही ओळ पाहा. अशा फोनसाठी चित्रांचा दुसरा संच ईटीसी२ या जुन्या फॉरमॅटमध्ये द्यावा लागतो. ओपनजीएल ईएस ३.० चालणाऱ्या प्रत्येक फोनला तो वाचता येतो. त्यात निवडीला वाव कमी: पारदर्शक चित्र ४ एमबी, साधं २ एमबी. दोन्ही संच सगळ्यांना उतरवायला लावायची गरज नाही. गूगल प्ले फोन पाहून योग्य तोच संच पाठवू शकतं.

गेम बनवणाऱ्यांनी एवढं पाळावं: बजेटचा आकडा चित्रं रंगवायला घेण्याआधी ठरवावा, आणि तपासणी स्वतःच्या महागड्या फोनवर न करता, गेम ज्या सर्वात स्वस्त फोनवर चालायला हवा त्यावर करावी.